सुट्टीतली कौशल्य बॅच: प्रमाणपत्रापासून उलट चालत वेळापत्रक आणि फी ठरवा

सुट्टीतली बॅच काढणारे बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. आधी पत्रक छापतात, त्यावर शेजारच्या क्लासपेक्षा पाचशे रुपये कमी फी टाकतात, मुलं जमली की तारखा ठरवतात आणि शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्राचा तयार नमुना शोधायला बसतात. हा क्रम उलटा आहे. प्रमाणपत्रावर काय लिहायचं हे ठरलं की परीक्षा ठरते, परीक्षेवरून तास ठरतात, तासांवरून तारखा, आणि तारखा ठरल्यावरच खर्चाचा आकडा हाती येतो. पत्रक सगळ्यात शेवटी.

खाली एक बॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडली आहे. विषय स्प्रेडशीटचा, विद्यार्थी वाणिज्य शाखेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे, जागा १५ आणि मुदत पाच आठवडे. तुमचा विषय शिवणकाम असो की मोबाइल दुरुस्ती, आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## टप्पा १: विद्यार्थी शेवटी काय करून दाखवेल, ते एका वाक्यात लिहा

«ॲडव्हान्स्ड एक्सेल» हे विषयाचं नाव झालं, कौशल्याचं नाही. आमच्या बॅचसाठी आम्ही असं वाक्य लिहिलं: «दुकानाच्या विक्रीची सुमारे २०० ओळींची विस्कळीत फाइल मिळाल्यावर विद्यार्थी दोन तासांत ती साफ करतो, महिन्यानुसार आणि मालानुसार बेरजा काढतो आणि त्यावर पाच ओळींचा अहवाल लिहितो.»

या वाक्यात करायचं काम, लागणारा वेळ आणि कच्चा माल या तिन्ही गोष्टी आल्या. त्यामुळे काय शिकवायचं नाही, हेही आपोआप कळलं. मॅक्रो गेले, रंगीबेरंगी डॅशबोर्ड गेले. आमच्यातल्या एका शिक्षकाला डॅशबोर्ड फार आवडायचे, त्यांची समजूत काढायला एक संध्याकाळ गेली.

तपासणी: तुमचं वाक्य विषय न जाणणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. «हे त्याला जमलं की नाही, ते मला बघून कळेल का?» या प्रश्नाला त्याने हो म्हटलं, तरच पुढे जा. «माहिती मिळते», «ओळख होते», «आत्मविश्वास वाढतो» असे शब्द वाक्यात असतील तर उत्तर नाही असंच येईल.

## टप्पा २: प्रमाणपत्राचा मजकूर आत्ताच लिहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

खासगी क्लासने स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र देण्यात गैर काही नाही. ते कोणी दिलं आणि कशाच्या आधारावर दिलं, एवढं खरं लिहिलेलं असलं की झालं. घोटाळा होतो तो दुसऱ्याच्या नावाचं वजन उसनं घेतल्यावर. पत्रकांवर नेहमी दिसणारे दावे आणि त्यांचा खरा अर्थ पाहा.

«शासनमान्य». हा शब्द कधी चालतो? अभ्यासक्रम एखाद्या शासकीय संस्थेचा किंवा मंडळाचा असेल, तुमचं केंद्र तिथे नोंदलेलं असेल आणि परीक्षा व प्रमाणपत्र त्यांचं असेल तेव्हा. टंकलेखनाची शासकीय परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, तुमचा क्लास फक्त तयारी करून घेतो. अशा वेळी लिहायचं: «परिषदेच्या परीक्षेची तयारी, परीक्षा शुल्क वेगळं, प्रमाणपत्र परिषदेकडून, उत्तीर्ण झाल्यावर.» राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातला, म्हणजे एनएसक्यूएफचा अभ्यासक्रम असल्याचं सांगत असाल, तर त्या पात्रतेला कोड असतो आणि ती राष्ट्रीय नोंदवहीत सापडते. पत्रकावर कोड देता येत नसेल तर तो शब्दही देऊ नका.

«उद्यम नोंदणीकृत», «एमएसएमई मान्यताप्राप्त». उद्यम नोंदणी म्हणजे उद्योगाने स्वतःची माहिती भरून घेतलेला क्रमांक. ती विनामूल्य आणि ऑनलाइन होते, आणि पिठाच्या गिरणीलाही मिळते. तिचा अभ्यासक्रमाच्या दर्जाशी संबंध नाही. दुकान परवाना, संस्थेची नोंदणी, ट्रेडमार्क यांचंही तेच.

«आयएसओ प्रमाणित कोर्स». आयएसओ ही मानकं तयार करणारी संस्था आहे, ती स्वतः कोणाला प्रमाणपत्र देत नाही. ते काम बाहेरच्या प्रमाणन संस्था करतात. आयएसओ ९००१ हे मानकही कारभाराच्या पद्धतीबद्दल आहे. तुमच्या विद्यार्थ्याला सूत्र लिहिता येतं की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. क्लासकडे खरोखर असं प्रमाणपत्र असेल तर ते क्लासच्या भिंतीवर लावा, विद्यार्थ्याच्या कागदावर नको.

«डिग्री», «विद्यापीठ», आणि सिंहमुद्रा. पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने ठरवून दिलं आहे, आणि नावात «विद्यापीठ» शब्द वापरण्यावरही त्यात बंधन आहे. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा वेगळा कायदा आहे. इंटरनेटवरच्या कितीतरी तयार नमुन्यांत मागे फिकट सिंहमुद्रा असते. छपाईवाला ती तशीच ठेवतो आणि नाव मात्र तुमचं जातं. कंपन्यांच्या लोगोंचंही असंच: एक्सेल शिकवलं म्हणून मायक्रोसॉफ्टचा लोगो प्रमाणपत्रावर येत नाही.

«इंटर्नशिप प्रमाणपत्र मोफत». हल्ली ही मागणी विद्यार्थ्यांकडूनच येते, कारण कॉलेजात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, किंवा इंटर्नशिपचे क्रेडिट दाखवावे लागतात. वर्गात बसून शिकणं म्हणजे इंटर्नशिप नव्हे. मागणाऱ्याला सरळ सांगा: «आम्ही तासांचा आणि चाचणीचा दाखला देऊ. तो क्रेडिटसाठी चालतो का, हे प्रवेश घेण्याआधी तुमच्या विभागप्रमुखांकडून लेखी विचारून घ्या.» काही मुलं यावर परत जातात. जाऊ द्या.

आता आमच्या बॅचचा मजकूर. आधी न चालणारा:

> «प्रमाणित करण्यात येते की कु. ______ यांनी ॲडव्हान्स्ड एक्सेल हा आयएसओ मान्यताप्राप्त कोर्स विशेष प्रावीण्यासह यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे. त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.»

आणि चालणारा:

> «______ यांनी या संस्थेच्या ४० तासांच्या स्प्रेडशीट वर्गात (दिनांक __ ते __) २० पैकी __ तासिकांना उपस्थित राहून, दिनांक __ रोजी दोन तासांची प्रात्यक्षिक चाचणी दिली. चाचणीत त्यांनी २०० ओळींची विक्रीची फाइल साफ करणे, महिना व मालानुसार बेरजा काढणे आणि लेखी अहवाल देणे ही कामे कोणाच्या मदतीशिवाय केली. गुण: १०० पैकी __. हे संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र आहे. ते शासकीय किंवा विद्यापीठीय पात्रता नाही. क्रमांक: __»

शेवटून दुसरं वाक्य छापायला सगळे बिचकतात. पण नोकरी देणारा आधी सुरुवातीची दोन वाक्यं वाचतो, कारण त्याला उपयोगी पडेल असं काही फक्त तिथेच लिहिलेलं असतं. हे वाक्य बाकीच्या अक्षरांच्याच आकारात छापा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात टाकलं तर ते लपवल्यासारखंच आहे.

यातून आणखी एक निर्णय निघतो: कागद दोन प्रकारचे हवेत. तासिकांना आला पण चाचणीत उत्तीर्ण झाला नाही त्याला उपस्थितीचा दाखला, उत्तीर्ण झाला त्याला चाचणीचं प्रमाणपत्र. पहिल्या वर्षी आम्ही हा फरक केला नव्हता. सगळ्यांची प्रमाणपत्रं बॅच सुरू व्हायच्या आधीच छापून आली होती आणि सगळ्यांना वाटलीही. ऑगस्टमध्ये एका ऑफिसातून फोन आला, «तुमचा हा विद्यार्थी बेरजा कॅल्क्युलेटरवर करून सेलमध्ये टाइप करतोय.» फोन करणाऱ्याला उत्तर काय द्यायचं, ते मला आजही सुचत नाही.

सावधान: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. कोचिंगच्या जाहिरातींसाठी याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. नोकरीची हमी, खोटे यशस्वी विद्यार्थी, लेखी संमतीशिवाय वापरलेले फोटो अशा गोष्टींबद्दल त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. तुमचा क्लास छोटा असला तरी मूळ कायदा लागू आहेच.

## टप्पा ३: चाचणीवरून तास मोजा

प्रमाणपत्रात लिहिलेलं प्रत्येक काम घ्या आणि ते विद्यार्थ्याला एकट्याने जमायला किती वेळ लागेल, ते लिहा. शिकवायला किती वेळ लागेल, ते नको. अटींनुसार बेरीज काढणारं `SUMIFS` हे सूत्र समजावून सांगायला वीस मिनिटं पुरतात. पण नव्या फाइलवर, कोणी न सांगता, «इथे हेच लागेल» असं ओळखायला चार दिवसांचा सराव लागतो. पत्रकावर «१० दिवसांत मास्टर व्हा» लिहिणारे पहिला वेळ मोजतात आणि दुसरा विसरतात.

आमचे तास असे पडले. नोंद, मांडणी, चाळणी आणि क्रमवारीला चार तासिका. फाइल साफ करायला पाच. बेरजा आणि शोधसूत्रांना पाच. पिव्होट टेबलला तीन. अहवाल लिहायला तीन. एकूण २० तासिका, प्रत्येकी दोन तास, म्हणजे ४० तास.

साफसफाईला पाच तासिका बघून लोक हसतात, पण खरी कामं तिथेच अडतात. एकच उदाहरण देतो. आपल्याकडे आपण तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितो. संगणकाची सेटिंग महिना-दिवस-वर्ष अशी असली, तर ०५/०६ ही पाच जूनची नोंद तो गुपचूप सहा मे करून टाकतो. २५/०६ मात्र त्याला तारीख वाटतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तो साधा मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नाहीत. खूण अशी की मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो आणि खरी तारीख उजव्या कडेला. अशा फाइलवर महिन्याची बेरीज काढली की आकडा येतो, दिसतोही छान, आणि असतो चुकीचा. हे ओळखायला शिकवणं म्हणजे एक पूर्ण तासिका.

तपासणी: प्रत्येक तासिकेत निम्म्याहून जास्त वेळ विद्यार्थ्याचे हात चालताहेत का? दोन तासांपैकी सव्वा तास शिक्षकच बोलत असेल, तर ४० तासांच्या बॅचमध्ये सराव जेमतेम १५ तासांचा होतो.

## टप्पा ४: तारखा

सुट्टीतली बॅच मे महिन्याच्या मध्यात का गळते? परीक्षा लांबतात आणि मुलं गावी जातात, एवढंच त्याचं कारण असतं. दोन्ही गोष्टी आधी कळू शकतात.

परिसरातल्या ज्या दोन-तीन कॉलेजांची मुलं येणार, त्यांच्या परीक्षेची वेळापत्रकं मागवा. शेवटच्या पेपरची तारीख बघताना बॅकलॉगचे पेपर विसरू नका, ते बरेचदा नियमित परीक्षेनंतर असतात. सगळ्यांत उशिरा संपणाऱ्या पेपरनंतर चार-पाच दिवस सोडून येणारा सोमवार धरा. शेवटची तारीख कॉलेज सुरू व्हायच्या किमान एक आठवडा आधी हवी. या दोन टोकांमध्ये तुमचे आठवडे बसत नसतील, तर तास दाबून बसवू नका. टप्पा १ ला परत जा आणि वाक्य लहान करा.

आमच्या २० तासिका पाच आठवड्यांत अशा बसल्या, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १०:

- पहिला आठवडा: पाचही दिवस वर्ग.
- दुसरा, तिसरा आणि चौथा आठवडा: चार दिवस वर्ग, शुक्रवार भरपाईचा.
- पाचवा आठवडा: सोमवार ते बुधवार वर्ग, गुरुवारी प्रात्यक्षिक चाचणी, शुक्रवारी तोंडी तपासणी.

भरपाईचा शुक्रवार ही या वेळापत्रकातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. लग्नसराईत कोणाचे ना कोणाचे दोन दिवस बुडतातच, एखाद्या सकाळी वीज जाते, शिक्षकालाही ताप येतो. भरपाईचा दिवस नसेल तर हे सगळे तास चाचणीच्या आदल्या दिवशी कोंबले जातात. ज्यांचं काही बुडलेलं नाही, ते शुक्रवारी नव्या फाइलवर सराव करतात. सकाळची वेळ का? दुपारी बाराला पत्र्याच्या छपराखाली पंधरा संगणक चालू करून बघा.

सावधान: «फ्लेक्सिबल टायमिंग, कधीही या» असं लिहिलंत की बॅच राहत नाही, पंधरा वेगवेगळ्या शिकवण्या होतात. फी मात्र तुम्ही बॅचची घेतलेली असते.

## टप्पा ५: फी

आता खर्च मांडता येतो. आमच्या हिशेबाचे आकडे उदाहरणादाखल घ्या. तुमच्या गावचे दर वेगळे असतील.

वर्ग, चाचणी आणि भरपाई मिळून शिक्षकाचे ५० तास, तासाला ५०० रुपयांनी २५,००० रुपये. सरावाच्या फाइली आणि चाचणी तयार करण्याचं मानधन ५,०००. संगणक कक्षाचं भाडं ५० तास, तासाला ३०० रुपयांनी १५,०००. वीज आणि इंटरनेट ३,०००. छपाई २,०००. जाहिरात ४,०००. चाचणीला बाहेरच्या परीक्षकाचं मानधन ३,०००. एकूण ५७,०००.

शिक्षक तुम्ही स्वतःच असाल तरीही ते २५,००० लिहा. नाही लिहिले तर «खर्च तसा फारसा नाहीच» असं वाटतं, फी निम्मी ठेवली जाते, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला वेळ नसला की त्या फीत शिकवायला दुसरा माणूस मिळत नाही.

५७,००० ला १५ ने भागण्याची चूक सगळे करतात. त्याने ३,८०० रुपये येतात आणि एक जागा रिकामी राहिली तरी तोटा होतो. भागायचं ते खात्रीने भरतील अशा जागांनी. आम्ही ११ धरतो. ५७,००० भागिले ११ म्हणजे सुमारे ५,१८२, म्हणून फी ५,५०० ठेवली. ११ मुलं आली तर ६०,५०० जमतात आणि खर्च निघतो. १५ आली तर ८२,५०० जमतात आणि २५,५०० उरतात. आठच आली तर ४४,००० जमतात आणि १३,००० चा खड्डा पडतो. त्यामुळे ११ ही आमची किमान संख्या झाली, आणि पत्रकावर तसं स्पष्ट लिहिलं: «अमुक तारखेपर्यंत ११ प्रवेश न झाल्यास बॅच रद्द, पूर्ण फी परत.»

फी परत करण्याचा नियमही याच टप्प्यात, भांडण होण्याआधी ठरवायचा. आमचा हिशेब एका ओळीचा आहे. २० तासिका आणि चाचणीचे दोन दिवस मिळून २२ दिवस. ५,५०० भागिले २२ म्हणजे दिवसाला २५०. आठ दिवसांनंतर कोणी सोडलं तर उरलेले १४ दिवस गुणिले २५०, म्हणजे ३,५०० रुपये दहा दिवसांत परत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही उरलेल्या काळाची फी प्रमाणात, दहा दिवसांत परत करण्याची अपेक्षा आहे. «एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही» ही ओळ पावतीवरून काढून टाका.

कराबद्दल एवढंच: सेवा देणाऱ्यांना सर्वसाधारणपणे वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि खासगी क्लासच्या फीवर तो १८ टक्के असतो. तुम्ही नोंदणीकृत असाल तर ५,५०० वर ९९० चढतात, आणि विद्यार्थ्याला द्यावे लागतात ६,४९०. पत्रकावर ६,४९० च लिहा. नोंदणी नसेल तर पावतीवर जीएसटी लावायचा प्रश्नच येत नाही.

तपासणी: विद्यार्थी घरातून निघाल्यापासून कागद हातात पडेपर्यंत तुम्हाला एकूण किती पैसे देणार? प्रवेश शुल्क, साहित्य, परीक्षा, प्रमाणपत्र, सगळं धरून तो एकच आकडा हवा. «फी ३,५००» आणि शेवटच्या दिवशी «प्रमाणपत्राचे ८०० वेगळे» यातून मिळालेला पैसा तुमची पुढची बॅच खातो.

## टप्पा ६: आता पत्रक

एवढं झालं की पत्रक दहा मिनिटांत लिहून होतं, कारण नव्याने ठरवायचं काही उरत नाही. त्यावर या गोष्टी हव्यात: टप्पा १ चं वाक्य, तारखा आणि वेळ, एकूण तास, जागा आणि किमान संख्या, सगळं धरून फी, परतीचा नियम, शिकवणाऱ्याचं नाव आणि त्याचा खरा अनुभव, विद्यार्थ्याने काय आणायचं, आणि प्रमाणपत्र कोणाचं व कोणत्या अटीवर. अटही आकड्यात द्या: किमान १६ तासिका उपस्थिती आणि चाचणीत १०० पैकी ५० गुण.

«नोकरी मिळवून देतो» याच्या जागी काय लिहायचं, असं विचारतात. खरं असेल ते लिहा. मागच्या वर्षीच्या चाचणीचा निकाल तुम्ही मोजून ठेवला असेल तर «मागच्या बॅचच्या १२ पैकी ९ जण चाचणीत उत्तीर्ण झाले» असा आकडा देता येतो. मोजलं नसेल, तर ती जागा कोरी सोडा.

## टप्पा ७: प्रवेश घेताना

फी घेण्याआधी प्रत्येकाला वीस मिनिटं संगणकासमोर बसवा. दहा ओळी टाइप करायच्या, बेरीज काढायची, फाइल नाव देऊन जतन करायची. ज्याला फाइल कुठे गेली तेच सापडत नाही, त्याला ही बॅच झेपणार नाही. त्याचं काय करायचं? आधी दोन-तीन दिवस पायाभूत सराव करून घ्या, किंवा प्रवेश देऊ नका. दोन्ही चालतं. त्याला तसाच घेऊन मागच्या बाकावर बसवणं चालत नाही. उलट ज्याला हे सगळं आधीच येतं, त्याला चाचणीचा नमुना दाखवा. तो नमुना त्याने सोडवला तर त्याला तुमच्या ५,५०० रुपयांच्या वर्गाची गरज नाही, आणि हे त्याला तुम्हीच सांगायला हवं.

पावती लगेच द्या. तिच्या मागे परतीचा नियम आणि प्रमाणपत्राची अट छापा आणि विद्यार्थ्याची सही घ्या. अकरावी-बारावीचं मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची सही हवी. आधार कार्डाची प्रत गोळा करू नका. प्रमाणपत्रावर नाव कसं हवं, ते विद्यार्थ्याच्या हातानेच लिहून घ्या. प्रमाणपत्रं पुन्हा छापायची वेळ बहुतेकदा स्पेलिंगमुळेच येते.

## टप्पा ८: बॅच चालू असताना दोन नोंदी

हजेरी रोज, वर्ग सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी, सहीने. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेली हजेरी बघताक्षणी ओळखू येते, सगळ्या खुणा एकाच शाईत असतात.

दुसरी नोंद दर आठवड्याच्या छोट्या कामाची. शेवटच्या वीस मिनिटांत नवी फाइल द्यायची, कोणी बोलायचं नाही, कोणाला किती जमलं ते लिहायचं. दुसऱ्या आठवड्याअखेर पंधरापैकी सहा-सात जण तारखांच्या रकान्यात अडकलेले दिसले, तर पिव्होटची एक तासिका कमी करून इकडे द्या. अभ्यासक्रम संपवण्याची घाई केली की चाचणीच्या दिवशी हे सगळं पुन्हा समोर येतं, आणि तेव्हा हातात दिवस उरलेला नसतो.

## टप्पा ९: चाचणी

चाचणीची फाइल वर्गात कधीच न दाखवलेली हवी. तिच्यात मुद्दाम दोष पेरा आणि त्यांची यादी स्वतःजवळ ठेवा: सहा दुबार ओळी, पंधरा मजकूर झालेल्या तारखा, मालाच्या नावांमागे सुटलेल्या जागा, दोन वेगवेगळी स्पेलिंगं. साफ केल्यानंतरची बरोबर बेरीज तुम्हाला आधीच माहीत असल्यामुळे तपासणी सोपी होते. एक दोष, जादा जागा काढणाऱ्या `TRIM` सूत्राने न जाणाऱ्या रिकाम्या जागेचा ठेवा. वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात ती असते, दिसायला साध्या जागेसारखीच, पण `TRIM` तिला हात लावत नाही. चांगल्या आणि उत्तम विद्यार्थ्यातला फरक तिथे कळतो.

शेजारच्याचं बघून करता येऊ नये म्हणून एकाच फाइलचे तीन प्रकार करा, आकडे वेगळे आणि दोष तेच. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आठ मिनिटं बोलवा. पंधरा जणांचे दोन तास होतात. त्याचीच फाइल उघडून विचारा, «ही बेरीज कशी आली?» ज्याने स्वतः केलं तो सेलवर जाऊन सूत्र दाखवतो. ज्याने केलं नाही तो पडद्याकडे बघत राहतो.

पन्नासच्या खाली गुण असतील तर आठवड्याभरात एकदा फेरचाचणी, वेगळ्या फाइलवर, विनाशुल्क. तरीही जमलं नाही तर उपस्थितीचा दाखला. इथे पालकांचा फोन येतो: «फी पूर्ण भरली आहे, मग प्रमाणपत्र का नाही?» पावतीमागची सही याच फोनसाठी घेतलेली असते.

## टप्पा १०: कागद देणं आणि नंतर पडताळणी

प्रमाणपत्रं चाचणीचा निकाल लागल्यावर छापायला द्या, आधी नाही. प्रत्येकावर क्रमांक हवा, आणि तो तुमच्या नोंदवहीत नाव, तारखा, हजेरी आणि गुणांसह चढलेला हवा. क्यूआर कोड टाकणार असाल तर तो त्या विद्यार्थ्याच्या नोंदीवर उघडला पाहिजे. स्कॅन केल्यावर क्लासच्या मुखपृष्ठावर नेणारा कोड नुसती नक्षी आहे. आणि त्या नोंदीवर फोन नंबर किंवा जन्मतारीख नको. नाव, क्रमांक, तास आणि निकाल पुरे.

चाचणीची सोडवलेली फाइल विद्यार्थ्याला पेनड्राइव्हवर द्या आणि एक प्रत किमान दोन वर्षं जपून ठेवा. मुलाखतीला गेलेल्या मुलाने प्रमाणपत्राऐवजी ती फाइल उघडून दाखवल्याचं आमच्याकडे दोन-तीनदा झालं आहे. कोणा कार्यालयातून «हा क्रमांक खरा आहे का?» असा फोन आलाच, तर नोंदवहीतून तीस सेकंदांत उत्तर निघायला हवं. निघत नसेल तर पुढच्या एप्रिलच्या आधी नोंदवही नीट लावून घ्या.